वाईजवळील घराच्या वायरिंगसाठी पाईप आणि वायरचा अंदाज

दादा, वहिनी, नमस्कार.

तुम्ही दिलेल्या नकाशावरून लांबी मोजली, खाली सगळा हिशोब मांडला आहे. स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे, त्यामुळे पाईपचा निर्णय लगेच हवा. वायर प्लास्टरनंतर भरायची, तिची घाई नाही.

नकाशात हॉल 14 बाय 11, बेडरूम 12 बाय 11, किचन 10 बाय 10, मागे संडास-बाथरूम आणि पुढे पोर्च. फरशीपासून स्लॅबच्या तळापर्यंत 10 फूट धरले. स्विच बोर्ड 4 फुटांवर, म्हणजे बोर्डाला वरून 6 फूट पाईप उतरतो. ट्यूब 7 फुटांवर, तिथे 3 फूट. डीबी, म्हणजे एमसीबींची मुख्य पेटी, हॉलच्या मागच्या भिंतीवर 6 फुटांवर, तिथे 4 फूट. नकाशावर ही उभी लांबी दिसत नाही. फक्त आडवं मोजून माल मागवला की शेवटी पाईप कमी पडतो, कारण आपल्या या घरात एकूण 270.5 फुटांपैकी 112.5 फूट नुसते भिंतीत उतरणारे आहेत.

एक खोली सविस्तर दाखवतो, म्हणजे बाकीचं कसं काढलं ते कळेल. हॉलमध्ये डीबीपासून मधल्या फॅन बॉक्सपर्यंत स्लॅबमधून तिरकं साडेसात फूट. फॅनपासून दाराशेजारच्या बोर्डाच्या डोक्यावर साडेसहा. फॅनपासून डावीकडच्या ट्यूबच्या भिंतीपर्यंत 7, टीव्हीच्या भिंतीपर्यंत 7. स्लॅबमध्ये झाले 28 फूट. भिंतीत डीबीला 4, बोर्डाला 6, ट्यूबला 3 आणि टीव्हीकडे 6, कारण तिथे 7 फुटांवर एक दिवा आणि त्याच रेषेत खाली टीव्हीचा बोर्ड आहे. मिळून 19. हॉलचा पाईप 47 फूट.

आता वायर. बरेच जण पाईपच्या तिप्पट वायर धरतात. ते इथे चालत नाही. ट्यूबकडे जाणारी वायर बोर्डाच्या स्विचमधून निघते, वर फॅन बॉक्सपर्यंत चढते आणि मग ट्यूबकडे वळते. दिव्याचं आणि पंख्याचंही तसंच. त्यामुळे फॅन ते बोर्ड या एकाच पाईपमध्ये फेज, न्यूट्रल, अर्थ, पंखा, ट्यूब आणि दिवा अशा 6 वायर येतात. प्रत्येक बोर्डात आणि बॉक्समध्ये एक फूट शेपूट, डीबीत दोन फूट धरून हॉलला दीडची, म्हणजे दीड चौरस मिमीची, वायर लागते ती अशी: फेज आणि स्विचच्या मिळून एकशे साडेपाच फूट, न्यूट्रल 66, अर्थ 54. बेरीज 225.5, म्हणजे पाईपच्या जवळजवळ पाचपट.

म्हणूनच बोर्डाची जागा महत्त्वाची. नकाशात हॉलचा बोर्ड दाराच्या बिजागरीकडे काढला आहे. दार उघडलं की तो फळीमागे जाईल, अंधारात हात कुठे घालणार? मी तो कडीच्या बाजूला घेतला आहे. त्याने पाईप 2 फूट वाचतो आणि सहाही वायर मिळून 12 फूट. आर्किटेक्टना मी विचारलं, त्यांनाही हे पटलं.

सगळ्या खोल्यांचे आकडे, फुटांत:

| खोली | स्लॅबमधला पाईप | भिंतीतला पाईप | दीडची वायर |
|---|---|---|---|
| हॉल | 28 | 19 | 225.5 |
| बेडरूम | 41.5 | 25.5 | 240 |
| किचन | 36 | 31 | 164 |
| बाथरूम, पॅसेज | 28 | 19 | 150 |
| पोर्च, बेल, मीटर ते डीबी | 24.5 | 18 | 80 |
| एकूण | 158 | 112.5 | 859.5 |

बेडरूमची वायर हॉलपेक्षा जास्त दिसते, त्याचं कारण वहिनींनी सांगितलेला पलंगाजवळचा टू-वे स्विच. त्या एका सोयीला साडेबावन्न फूट वायर जास्त जाते. तरीही तो ठेवाच. रात्री ट्यूब बंद करायला कुणी उठायला नको. ही वायर फुकट जात नाही.

एसीचं तुम्ही अजून ठरवलं नाही म्हणालात. डीबी ते एसीच्या जागेपर्यंतचा वेगळा पाईप मी बेडरूममध्ये धरला आहे. तो स्लॅबच्या आतला असल्याने आत्ता टाकावाच लागेल, नंतर पट्टी बाहेरून मारावी लागते आणि ती कायम दिसते. त्यात आत्ता नुसती नायलॉनची दोरी ओढून ठेवतो. एसी घ्याल तेव्हा चारची वायर भरू. तिची लांबी या अंदाजात नाही.

अडीचची वायर दोन ठिकाणी: किचनचा ओटा आणि फ्रिज मिळून 36 फूट, गीझर 20 फूट. प्रत्येक रंगाची 56 फूट. गीझरला डीबीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी. ओट्याच्या सर्किटवरून गीझर घ्या असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. मीटरपासून डीबीपर्यंत सहाची वायर, एकेक साडेअठ्ठावीस फूट.

सगळ्यावर 10 टक्के वाढ धरून माल असा:

- 25 एमएम पीव्हीसी पाईप, मीडियम, 3 मीटरचा: स्लॅबसाठी 18 बसतात, तुटफूट धरून 20 आणा. भिंतीसाठी 13, ते प्लास्टरआधी.
- दीडची वायर, 90 मीटरची (295 फुटांची) कॉइल: लाल 2, काळी 1, हिरवी 1.
- अडीचची: लाल, काळी, हिरवी प्रत्येकी 20 मीटर. कॉइल घेऊ नका, दुकानात मापाने कापून मिळते.
- सहाची: लाल, काळी, हिरवी प्रत्येकी 10 मीटर.

वायरवर आयएस 694 आणि पाईपवर आयएस 9537 छापलेलं पाहूनच घ्या. भिंतीला 20 एमएम पाईप चालला असता, पण दोन मापं आणली की बेंड आणि कॉलरमध्ये घोळ होतो, म्हणून सगळीकडे 25च घेतला.

गवंड्यांना दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. डीबीवर 7 पाईप शेजारी-शेजारी उतरतात, म्हणजे निदान 7 इंच रुंद झिरी. ती भिंत 9 इंची आहे तिथेच डीबी ठेवली आहे, ती जागा बदलू नका. आणि बीममधून खाली येणाऱ्या पाईपसाठी सळई बांधतानाच मला बोलवा, काँक्रीट पडल्यावर बीम फोडायचा नाही.

स्लॅबच्या आदल्या दिवशी दुपारी मी येतो. खालची जाळी बांधून झाली की पाईप तारेने सळईला बांधायचे, फॅन बॉक्समध्ये ओला कागद दाबून भरायचा आणि पाईपची तोंडं टेपने बंद करायची. काँक्रीट ओतताना मी किंवा माझा मुलगा वर उभा राहील. कामगारांच्या पायाखाली पाईप निसटला आणि आत सिमेंटचं पाणी गेलं की ते घट्ट होतं, मग त्यातून वायर सरकत नाही.

अर्थिंगचा खड्डा, डीबी, एमसीबी, 30 मिलिअँपचा आरसीसीबी, स्विच आणि बॉक्सची यादी वेगळी देतो. महावितरणच्या मीटरची जागा मी पोर्चच्या डाव्या भिंतीवर धरली आहे. ती बदलली तर सहाची लांबी पुन्हा मोजावी लागेल, तेवढं मला मंगळवारपर्यंत कळवा.

तुमचा,
परवानाधारक वायरमन, वाई