एस.वाय. बीएस्सी, सेंद्रिय रसायन: सायक्लोहेक्झेनची चेअर (शनिवारच्या चाचणीआधी, भुसावळ वर्ग)

आधी दोन समांतर रेषा काढा, डावीकडून उजवीकडे किंचित उतरत्या. खालची रेषा थोडी उजवीकडे सरकवा. डावीकडची दोन टोके त्यांच्याही खाली असलेल्या एका बिंदूला जोडा, उजवीकडची दोन टोके त्यांच्याही वर असलेल्या बिंदूला. झाली चेअर. समोरासमोरच्या बाजू समांतर नसतील, तर पुढचे सगळे बंध चुकतात. तेव्हा पुसून पुन्हा काढा.

उजवीकडच्या वरच्या टोकाला C1 म्हणा, म्हणजे डावीकडचे खालचे टोक C4. अ‍ॅक्शियल बंध सरळ उभे: वरच्या कोपऱ्यावर वर, खालच्यावर खाली, आलटून-पालटून. इक्वेटोरियल बंध बाहेरच्या दिशेला आणि थोडा अ‍ॅक्शियलच्या उलट. C1 वर तो दोन लांब रेषांना समांतर, उजवीकडे किंचित खाली जातो. बहुतेक मुले तो आडवा काढतात. मग तो वरच्या अंगाचा की खालच्या अंगाचा हेच कळत नाही, आणि सिस-ट्रान्समध्ये गुण जातात.

आता स्थिरता. C1 वरचा मिथाइल अ‍ॅक्शियल असला, की त्याच बाजूला उभ्या असलेल्या C3 आणि C5 वरच्या अ‍ॅक्शियल हायड्रोजनांशी त्याची खेटाखेट होते. शेजारच्या C2 आणि C6 वरचे अ‍ॅक्शियल हायड्रोजन उलट्या बाजूला असतात; उत्तरात त्यांचे नाव घेऊ नका. या 1,3-डायअ‍ॅक्शियल प्रतिकर्षणाची किंमत सुमारे 7.3 किलोज्यूल प्रति मोल. म्हणून 25 अंश सेल्सिअसला मिथाइलसायक्लोहेक्झेनचे साधारण 95 टक्के रेणू इक्वेटोरियल रूपात असतात. अ‍ॅक्शियल रूप अशक्य नाही, ते कमी असते. रिंग फ्लिप सतत चालूच असते. फ्लिपमध्ये अ‍ॅक्शियलचे इक्वेटोरियल होते, पण वरचा गट वरच राहतो. सिसचे ट्रान्स होत नाही.

हे उदाहरण वहीत सोडवा: सिस-1-टर्ट-ब्युटिल-4-मिथाइलसायक्लोहेक्झेन. C1 वर टर्ट-ब्युटिल इक्वेटोरियल ठेवला, की तो खालच्या अंगाला येतो. सिस असल्याने C4 चा मिथाइलही खाली, म्हणजे अ‍ॅक्शियल. फ्लिप केली तर मिथाइल सुटतो, पण टर्ट-ब्युटिल अ‍ॅक्शियल होतो आणि त्याची किंमत 20 किलोज्यूलच्या वर. त्यामुळे पहिली चेअर जवळपास 13 किलोज्यूलने स्थिर. मोठ्या गटाला इक्वेटोरियल जागा आधी द्या. दोन्ही गट इक्वेटोरियल हवेत तर ट्रान्स समघटक लागतो.

„सिस म्हणजे दोन्ही इक्वेटोरियल" असे पाठ करू नका. ते 1,3 जोडीत खरे, 1,2 आणि 1,4 मध्ये नाही.

बाममधल्या मेन्थॉलचे तिन्ही गट (मिथाइल, हायड्रॉक्सिल, आयसोप्रोपिल) एकाच चेअरमध्ये इक्वेटोरियल बसतात. ती चेअर स्वतः काढून आणा.