मोठ्या बाबांचा डिस्चार्ज कागद, घरच्यांसाठी

वहिनी, दवाखान्याने दिलेला डिस्चार्जचा कागद चार पानांचा आणि इंग्रजीत आहे. तुम्हाला रोज लागेल तेवढंच त्यातून काढून इथे मराठीत लिहिलं आहे. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेचं वर्णन आणि वॉर्डात दिलेली इंजेक्शनं गाळली. गोळ्यांचे आकडे आणि धोक्याची लक्षणं यातलं मात्र काहीही गाळलं नाही. हा कागद मी मोठ्या डॉक्टरांसमोर मूळ कागदाशी ओळीने ताडून पाहिला आहे. मूळ कागद फाईलमध्येच राहू द्या. कुठल्याही डॉक्टरकडे जाताना तोच दाखवायचा, हा नाही.

काय झालं होतं

मोठे बाबा, वय 67, दवाखान्यात 17 ते 25 एप्रिल 2025. हृदय अशक्त झालं आहे. पंप करण्याची ताकद 30 टक्के आली. चांगल्या हृदयाची 55 च्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. ईसीजी आणि इकोत जुना हार्ट अटॅक येऊन गेल्याच्या खुणा दिसल्या. हृदय नीट पंप करत नाही म्हणून पाणी फुप्फुसात आणि पायांत साचलं, आणि त्यामुळेच रात्री बाजेवर उठून बसावं लागत होतं. साखरेचा आजार आधीपासून आहेच.

या वेळी एकदम बिघडायचं कारण डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं आहे: गुडघ्यासाठी तीन आठवडे रोज घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, आणि जेवणातलं मीठ. दादाला हे वाक्य दोनदा वाचून दाखवा, गोळ्या तोच आणून देत होता.

भरती झाले तेव्हा वजन 64 किलो होतं, घरी येताना 58.4. गेलं ते बहुतेक पाणीच. 58.4 हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावरून मोजायचं आहे.

गोळ्या

औषधं सात, दिवसाला साडेआठ गोळ्या. रात्री मोजताना आकडा जुळला नाही तर काहीतरी राहिलं किंवा जास्त गेलं असं समजा. मेडिकलवाला पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं पाकीट देईल, तेव्हा वरचं मोठं नाव बदललेलं दिसेल. त्याला हा कागद दाखवा आणि आतलं औषधाचं नाव व मिलिग्रॅम त्याच्याकडूनच जुळवून घ्या. आत्ताच्या पाकिटांवर मी मार्करने खुणा केल्या आहेत.

सकाळी 8 वाजता, नाश्ता झाल्यावर, तीन गोळ्या:
फ्युरोसेमाइड 40 मिलिग्रॅम, 1 गोळी. पाणी उतरवणारी हीच. खूण: थेंब. तासाभरात लघवीला लागेल, म्हणून ही घेऊन लगेच एसटीत बसवू नका.
मेटोप्रोलॉल सक्सिनेट 25 मिलिग्रॅम, हळूहळू विरघळणारी, 1 गोळी. खूण: बदाम. कुटून किंवा चावून द्यायची नाही.
मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम, 1 गोळी. साखरेची. खूण: एक रेघ.

दुपारी 1 वाजता, जेवल्यावर, दोन गोळ्या:
ॲस्पिरिन 75 मिलिग्रॅम, 1 गोळी. रक्त गोठू नये म्हणून. खूण: फुली. उपाशीपोटी कधीच नाही.
स्पायरोनोलॅक्टोन 25 मिलिग्रॅम, 1 गोळी. खूण: चौकोन.

दुपारी 3 वाजता:
फ्युरोसेमाइड 40 मिलिग्रॅमची अर्धी गोळी, म्हणजे 20 मिलिग्रॅम. सकाळचीच थेंबाची गोळी, मधल्या रेघेवर तोडून. उरलेली अर्धी त्याच डबीत ठेवा, उद्या 3 वाजता तीच. आठवलं नाही म्हणून संध्याकाळी सहानंतर देऊ नका, रात्रभर उठबस होईल आणि अंधारात पडायची भीती.

रात्री 8 वाजता, जेवल्यावर, दोन गोळ्या:
मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम, 1 गोळी.
ॲटोरवास्टॅटिन 40 मिलिग्रॅम, 1 गोळी. खूण: चंद्र.

झोपताना, साडेनऊच्या सुमारास, एक गोळी:
रामिप्रिल 2.5 मिलिग्रॅम, 1 गोळी. खूण: त्रिकोण. हिने कधीकधी कोरडा खोकला लागतो. तसं झालं तर स्वतः बंद करू नका, 2 मेला सांगा. रात्री उठताना आधी बाजेवर बसायचं, दोन मिनिटांनी उभं राहायचं.

एखादी गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर द्या (दुपारची फ्युरोसेमाइड सोडून, तिचं वर लिहिलं आहे). दुसऱ्या दिवशी दोन एकत्र देऊन भरपाई करायची नाही. बरं वाटतंय म्हणून यातली एकही गोळी बंद करायची नाही. बरं वाटतंय ते या गोळ्यांमुळेच.

जुन्यातलं काय बंद

देवघराच्या फळीवर जी जुनी पिशवी आहे, त्यातली अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम बंद. नव्या गोळ्यांसोबत ती दिली तर बीपी फार खाली येईल, आणि तिनेही पायावर सूज येते.

दुखण्याच्या गोळ्या पूर्ण बंद: डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक. गावातल्या कुणी "एक सुई मारून देतो" म्हटलं तरी नाही. या औषधांनी अंगात पाणी धरतं आणि किडनीवर ताण येतो. गुडघा फारच दुखला तर पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, एका वेळी 1, दिवसात जास्तीत जास्त 3, दोन गोळ्यांत किमान सहा तास. ही गरजेपुरतीच आहे म्हणून साडेआठात धरलेली नाही.

मेडिकलमधलं "बीपीवाल्यांचं मीठ" आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन व रामिप्रिल चालू असताना ते रक्तात वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साधंच मीठ, पण कमी.

वजन, पाणी, मीठ

वजन रोज सकाळी: लघवी करून, काही खाण्याआधी, धोतर-बनियनवर. शेजारच्या किराणा दुकानातला धान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा चालेल, मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. पण काटा रोज तोच हवा, आणि आकडा कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहायचा. उद्या पहिल्यांदा मोजाल तेव्हा 58.4 च्या जागी थोडा वेगळा आकडा येईल, कारण काटा वेगळा. मग तो उद्याचा आकडा धरून पुढचं मोजा आणि भिंतीवरचाही बदला.

पाणी दिवसभरात दीड लिटर. त्यात चहा, ताक, दूध, पातळ वरण सगळं आलं. सकाळी गडव्यात दीड लिटर मोजून भरा. अर्धा कप चहा दिला की अर्धा कप पाणी गडव्यातून ओतून टाका. गडवा रिकामा झाला की त्या दिवसाचं पाणी संपलं. उन्हाळा पाहता हे कठीण आहे, मलाही माहीत आहे. तोंड सुकलं तर गार पाण्याने चूळ भरायची, ओला गमछा डोक्यावर. दुपारी वावरात जायचंच नाही.

मीठ स्वयंपाकात निम्मं. पापड, कुरडया, लोणचं, ठेचा, फरसाण बंद. 30 एप्रिलला अक्षय्य तृतीया आहे. पानात कुरडई वाढायचीच तर मोठ्या बाबांच्या पानात नको, आणि पुरणपोळी साखरेमुळे नको. रागावतील. रागावू द्या.

खर्रा बंद. आठ दिवस वॉर्डात खाल्ला नाही, म्हणजे राहता येतं. पोट्ट्यांना सांगून ठेवा, आजोबांनी पैसे दिले तरी पानठेल्यावर जायचं नाही.

लगेच 108 ला फोन

यातलं एकही दिसलं तर वाट पाहायची नाही, मला विचारायलाही थांबायचं नाही:

बसल्या जागी धाप लागणं, वाक्य पूर्ण बोलता न येणं. खोकल्यातून गुलाबी किंवा फेसाळ थुंकी. छातीत दुखणं, दाबल्यासारखं होणं, सोबत घाम. ते हात, जबडा किंवा पाठीत गेलं तरीही. गॅस म्हणून सोडा देत बसू नका. चक्कर येऊन पडणं, शुद्ध हरपणं, असंबद्ध बोलणं. ओठ निळे पडणं. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजणं (रामिप्रिलने क्वचित होतं, मग तिची पुढची गोळी द्यायची नाही). तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं. डांबरासारखी काळी शी किंवा रक्ताची उलटी.

गाडी येईपर्यंत आडवं झोपवू नका. बाजेवर पाय खाली सोडून, पाठीला गाद्या लावून बसवा. बेशुद्ध झाले तर मात्र एका कुशीवर वळवा. पाणी पाजू नका. घरात रेंज नसते म्हणून दादाने लगेच पाराकडे पळायचं, आणि गाडीवाल्याला गावाच्या फाट्यावरची खूण सांगायची.

त्याच दिवशी वॉर्डात फोन

नंबर फाईलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात आहे. हे दिसलं तर:

वजन एका दिवसात 1 किलोहून जास्त किंवा तीन दिवसांत 2 किलो वाढलं. पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहतो, किंवा पोट फुगलं. झोपायला आधीपेक्षा जास्त उशा लागतात, रात्री धाप लागून जाग येते, आडवं झाल्यावर खोकला वाढतो. लघवी एकदम कमी झाली. उभं राहताना चक्कर येते. आशाताईंनी मोजलेलं बीपी वरचं 90 च्या खाली, किंवा नाडी मिनिटाला 50 च्या खाली. हातपाय गळून गेल्यासारखे वाटतात, छातीत धडधडतं. वजन 2 किलोहून जास्त उतरलं आणि जीभ कोरडी पडली.

जुलाब, उलट्या किंवा जेवणच जात नसेल तर त्या दिवशी चार गोळ्या थांबवा: फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल, मेटफॉर्मिन. आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. बाकीच्या तीन चालू. पुन्हा कधी सुरू करायच्या हे डॉक्टर सांगतील, तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही.

पुढची तारीख

शुक्रवार, 2 मे 2025, सकाळी 9 वाजता ओपीडी. त्या दिवशी रक्त तपासायचं आहे: क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम. ही तपासणी टाळून चालणार नाही, गोळ्यांचे डोस तिच्यावर ठरतील. अँजिओग्राफीची तारीखही तेव्हाच मिळेल. महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड, दोन्हीच्या मूळ प्रती आणा.

सकाळची फ्युरोसेमाइड त्या दिवशी प्रवासात देऊ नका, सोबत आणा, ओपीडीत पोहोचल्यावर द्या. हे मी डॉक्टरांना विचारून लिहिलं आहे. बाकी दोन गोळ्या नाश्त्यानंतर घरीच. गोळ्यांची सगळी पाकिटं, जुनी पिशवीसुद्धा, आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन या. मी वॉर्डाच्या दाराशी उभी असेन.