सुनंदाच्या मेसेजला बाईंचं उत्तर

वाई,
२० एप्रिल २०२५

चि. सौ. सुनंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लांबलचक मजकूर सूनबाईने अक्षरं मोठी करून दिली तेव्हा कुठे वाचून झाला. त्या एवढ्याशा काचेवर उत्तर टाइप करायला माझी बोटं वळत नाहीत. म्हणून कागदावर लिहिते आहे. पोस्टात टाकायला नातू जाईल, त्यालाही तेवढंच कळेल की पाकिटाला तिकीट लागतं.

अर्णवबद्दल तू बरंच लिहिलंस. मोबाईल सोडत नाही, उलटून बोलतो, सुट्टी लागायच्या आधीच ‘बोअर होतंय’ म्हणतो. आणि शेवटी, ‘बाई, आमचं बालपण किती छान होतं, याला त्यातलं काहीच मिळत नाहीये.’ त्या वाक्यापाशी मी चष्मा काढून ठेवला आणि एकटीच हसले.

अगं, तुझं बालपण मी पाहिलंय. सुरपारंब्या, करवंदं, ओढ्यात डुंबणं, दिवेलागणीपर्यंत उंडारणं, सगळं खरं. पण १९८९च्या जूनमध्ये तू पहिलीत आलीस ती एकटी आली नव्हतीस. कडेवर संजू होता. तुझे वडील मुंबईला माथाडीत, आई भातलावणीला चिखलात, मग पोराला कोण बघणार? तू सगळ्यांच्या मागे, दाराशी बसायचीस, म्हणजे तो रडला की पटकन बाहेर नेता यावा. पाटी जमिनीवर, एक हात पाटीवर आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटणं चालू. तुझी अर्धी पेन्सिल त्याने चावून खाल्लेली असायची. दोनाचा पाढा तू उभ्याने, डुलत डुलत पाठ केलास. पुढे संजू माझ्याकडे आला तेव्हा ‘बे दुणे चार’ त्याला आधीच येत होतं.

हे अर्णवला कधी सांगितलंस का? नसशील. त्याला करवंदं सांगितली असशील.

कापणीला तू महिनाभर गायब व्हायचीस. तुझ्या वर्गातल्या मुली चौथीनंतर कुठे गेल्या ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. पाचवीला मेढ्यापर्यंत चालत जावं लागायचं, आणि घरोघरी एकच वाक्य ऐकायला मिळायचं, ‘बाई, आता ती मोठी झाली.’ दहा वर्षांची मोठी! तुझ्या आईने तुला पाठवलं. ती हट्टी होती, म्हणून आज तू वाकडला अठराव्या मजल्यावर आहेस. तुझ्या शेजारी बसणाऱ्या दोघींची लग्नं दहावीच्या वयात झाली.

पाय ओढत चालणारा मुलगा तुम्हा सगळ्यांच्या खेळात पंच असायचा, आठवतो? तो पोलिओ होता. १९९५ला पल्स पोलिओ सुरू झालं आणि आम्ही मास्तरमंडळी रविवारी वाडीवाडीवर बूथ मांडून बसू लागलो. लोक आधी पोरं लपवायचे. देशातला शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत सापडला. अर्णवच्या पिढीला तो आजार म्हणजे काय हेच माहीत नाही. त्याच १९९५ साली शाळेत तांदूळ आला, महिन्याला ३ किलो, तोही हजेरी ८० टक्के भरली तरच. त्यामुळे तुझा संजू ताप असतानासुद्धा शाळेत यायचा. शिजवलेली खिचडी त्यानंतर काही वर्षांनी आली. छडी तेव्हा शाळेच्या सामानातच मोडायची, २०१०ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला तेव्हा कुठे ती नियमाने गेली. म्हणून कुणी ‘पूर्वीचं बालपण’ म्हणून उसासा टाकला की मी आधी विचारते, कुणाचं पूर्वीचं?

आणि उलटून बोलण्याचं म्हणशील तर ते मला चक्क आवडलं. बापाचं गणित चुकलं तर ‘बाबा, तू चुकतोयस’ म्हणाला, यात बिघडलं काय? तुमच्या वर्गात पोरं करंगळी वर करायलाही घाबरायची. एकीला जायची परवानगी मागायला नको म्हणून कितीतरी जणींचे परकर ओले व्हायचे. मी फळ्यावर चुकीची बेरीज लिहिली तर सगळा वर्ग ती चूक इमानाने उतरवून घ्यायचा. सांगणारा एक नव्हता.

तरीही काहीतरी गेलंय, हे तुझं म्हणणं मी खोडत नाही. फक्त ते काय, ते मला वेगळं वाटतं.

डिसेंबरात धाकट्याकडे बाणेरला होते. त्यांच्या गॅलरीतून खालचं मैदान दिसतं. रोज संध्याकाळी पाच वाजता बारा-पंधरा मुलं क्रिकेटला जमायची. सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, सगळी साधारण एका वयाची, आणि शिट्टी अडकवलेला एक शिकवणारा. एकदा एक पोरगा धावचीत झाला की नाही यावरून वाद झाला. म्हणजे व्हायला हवा होता. पण सगळी मुलं गप्प उभी राहिली आणि त्या शिकवणाऱ्याकडे बघू लागली. त्याने बोट वर केलं, मुलगा गेला, खेळ पुढे सुरू. सहा वाजता खाली आया आणि गाड्या तयार. सगळं कसं व्यवस्थित, आणि मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं.

आता तुमचा विटीदांडू आठव. निम्मा वेळ भांडणातच. रेघेला लागली, नाही लागली, तू रडी खातोस, मी घरी चाललो. आणि घरी जायला निघालेल्याला अडवावंच लागायचं, कारण दांडू त्याचा असायचा. मग तोडगा. ‘बरं, फुकटचा एक डाव घे, पण परत असं नाही.’ हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी तर नाही. मी खिडकीतून वह्या तपासता तपासता ऐकायचे आणि मुद्दाम बाहेर यायचे नाही. सात वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतचे सगळे एकाच खेळात, त्यामुळे लहानग्यांचं काय करायचं हाही प्रश्न तुम्हीच सोडवलेला. संजूला तुम्ही कच्चा लिंबू केलंत. त्याने पळायचं, ओरडायचं, पण आऊट व्हायचं नाही. एवढा समंजस नियम मी जिल्हा परिषदेच्या एकाही परिपत्रकात वाचलेला नाही.

ते गेलंय. मोठ्यांची नजर नाही, हाताशी वेळ भरपूर आणि आपलं आपण निभवायचं, असे दिवसातले दोन-तीन तास. तुमच्या वाट्याला ते आले ते काही आईबापांच्या शहाणपणाने नाही, त्यांना तुमच्याकडे बघायला फुरसतच नव्हती म्हणून. अर्णवला ते मिळत नाहीत कारण तुम्हाला त्याची काळजी आहे. यात तुला दोष देण्यासारखं मला काही सापडत नाही. आपल्या रस्त्यावरून दिवसाला दोन एस.टी. जायच्या, तुझ्या दारातून मिनिटाला किती गाड्या जातात ते बघ. घरात एकच मूल, चुलत-मावस भावंडं दुसऱ्या शहरांत. त्याला मोकळं सोडायचं तरी कुठे आणि कुणाबरोबर?

त्या रिकाम्या जागेत मोबाईल येऊन बसलाय. आणि तो तिथे कुणी बसवला तेही आठव. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि त्यानंतर आपण सगळ्यांनीच, शाळेने, सरकारने, आईबापांनी, मुलांच्या हातात फोन देऊन सांगितलं की ही तुमची शाळा. आपल्या वाडीत रेंज मिळायची ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी, तर पोरं तिथे छत्र्या घेऊन बसायची. अर्णव तेव्हा तीन-चार वर्षांचा असेल. त्याची बालवाडी त्या काचेतच झाली ना? आता ती हातातून काढून घेताना त्याला राग आला तर त्यात नवल नाही.

मे महिन्यात त्याला आजीकडे गावाला ठेवायचा तुझा बेत आहे, तो चांगला आहे. पण गाव म्हणजे औषध असं समजू नकोस. आपल्या शाळेचा पट आता ९ आहे. अर्ध्या घरांना कुलपं, माणसं पुण्या-मुंबईला. जी पोरं आहेत ती दुपारी देवळाच्या पायरीवर ओळीने बसून एकेक मोबाईल बघतात, तुझी आईच सांगत होती. पहिले चार दिवस अर्णव त्यांच्यात जाऊन बसेल. बसू दे. पाचव्या दिवशी कुणाचीतरी बॅटरी संपेल.

वाकडमध्येही करण्यासारखं आहे. तुमच्या सोसायटीतल्या दोन-तीन घरांशी बोल, ज्यांची मुलं अर्णवपेक्षा मोठी आहेत आणि धाकटीही आहेत. संध्याकाळी दोन तास त्यांना बागेत सोडा आणि तुम्ही बाकावर बसू नका. वॉचमन आहे, गेट आहे, तेवढं पुरे. पहिल्या आठवड्यात भांडणं होतील, गुडघा फुटेल, कुणीतरी रडत घरी येईल. त्यावर सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळही लिहायची नाही, ही अट तुम्ही आयांनी एकमेकींना घालून घ्या. सगळ्यात अवघड तीच जाईल बघ. वेळ कुठून काढायचा म्हणशील तर अबॅकस बंद कर. पोहणं मात्र सोडू नकोस, आपल्या ओढ्याने किती जणांना नेलंय ते तू विसरली असशील, मी नाही. अबॅकसचा माझा राग जुना आहे, पावकी-निमकी पाठ करवून घेतलेली बाई मी, तेव्हा तेवढं सोडून दे.

आणि ‘बोअर होतंय’ म्हणाला की लगेच काही सुचवायला धावू नकोस. ‘बरं’ म्हण आणि भाजी निवडत बस. तुम्हालाही कंटाळा यायचाच. त्या कंटाळ्यातूनच तुम्ही एकदा माझ्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावरून चिंचा पाडल्यात आणि चार कौलंही, हे मी अजून तुझ्या आईला सांगितलेलं नाही.

संजूची गोष्ट मात्र त्याला सांग. रडवेली करून नाही, जशी झाली तशी. मामा वर्गात पेन्सिली खायचा हे ऐकून पोरगं मोबाईल बाजूला ठेवेल की नाही ते माहीत नाही, पण मामाला फोन नक्की करेल.

गावाला जाताना वाईवरूनच जाशील. दुपारी येऊ नकोस, ऊन फार आहे, सकाळी नऊच्या आत ये म्हणजे नाश्ता इथेच होईल. जावईबापूंना सांग, गाडी गणपती घाटाजवळ लावायला जागा मिळत नाही, अलीकडेच लावा आणि चालत या. अर्णवला तिखट थालीपीठ चालतं का ते आधी कळव, नाहीतर त्याचं वेगळं लावते.

तुझी,
शिर्के बाई

ता. क. येताना पुण्याहून दोनशे पानी रेघी वह्या चार आण. इथल्या वह्यांचा कागद हल्ली फार पातळ येतो, शाई पलीकडे उतरते. पैसे इथे आल्यावर घे, नाही म्हणायचं नाही.