आई, डॉक्टरांना हे असं सांग

आई, गुरुवारी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायला मला सुट्टी मिळत नाहीये. बाबा सोबत असतील, पण ते "शी इज फाइन" म्हणून मोकळे होतील, तेव्हा हा कागद तुझ्याच हातात ठेव.

आधी चक्कर. नुसतं "डिझी" म्हटलंस की डॉक्टर विचारणारच, म्हणजे नक्की काय होतं? खोली गरगर फिरत असेल तर "द रूम स्पिन्स". डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडेन असं वाटत असेल तर "आय फील लाइटहेडेड". चालताना झोक जात असेल तर "आय लूज माय बॅलन्स". तुझी पहिल्या प्रकारची आहे. म्हणून सांग: "व्हेन आय टर्न टु माय लेफ्ट इन बेड, द रूम स्पिन्स फॉर हाफ अ मिनिट." कुशीवर वळताना येते, उठून उभं राहिल्यावर नाही, हे आवर्जून सांग. कानामुळे होतंय की बीपीमुळे, याचा अंदाज त्यावरून येतो.

जळजळ कुठे होते ते आधी सांगायचं. तुझ्या तळपायांची: "द सोल्स ऑफ माय फीट बर्न ॲट नाइट." मुंग्या येतात त्याला "पिन्स अँड नीडल्स". लागलीच "आय हॅव डायबिटीस" सांग. "शुगर आहे" म्हटलं तर त्यांना उलगडणार नाही. मेटफॉर्मिन किती वर्षं घेतेस तेही सांग, कारण त्याने बी-12 कमी होऊ शकतं आणि त्यामुळेही पाय जळजळतात. जेवणानंतर छातीत जळजळतं ते "हार्टबर्न". नावात हार्ट असलं तरी ते आपलं पित्तच. लघवीला होत असेल तर "इट बर्न्स व्हेन आय पी". लाजू नकोस, त्यांना रोजचंच आहे.

पण छातीवर दाब, दरदरून घाम, कळ हातात किंवा जबड्यात जाणं, असं काही झालं तर गुरुवारची वाट बघायची नाही. सरळ 911 ला फोन करायचा.

बाकीचं पटकन. मळमळ म्हणजे "नॉशिया", ठणका "थ्रॉबिंग पेन", धडधड "पॅल्पिटेशन्स", दम लागणं "शॉर्ट ऑफ ब्रेथ", कणकण "आय फील फीव्हरिश". जीव घाबरा होतो याला "आय ॲम स्केअर्ड" म्हणू नकोस, नाहीतर धीर देत बसतील. "आय फील अनइझी, माय हार्ट रेसेस" म्हण.

दुखणं दहापैकी किती, असं विचारतील. "सहन होतं" हे उत्तर चालत नाही, आकडा सांग. आणि तुझ्या सवयीने दोन कमी करून सांगू नकोस.

गोळ्यांच्या पट्ट्या पर्समध्ये टाक. क्रोसिन इथे कुणाला माहीत नाही, पॅरासिटामॉललाही हे ॲसिटामिनोफेन म्हणतात. अडलंच तर "मराठी इंटरप्रिटर, प्लीज" म्हण, फोनवर जोडून देतात. हिंदीवाला मिळाला तरी घे, पण बाबांना दुभाषा करू नकोस.