ओंकारसाठी इंटिग्रेशनची १४ दिवसांची उजळणी (एमएचटी-सीईटी, पीसीएम)

ओंकार, सोमवारपासून हे सुरू कर. बोर्डाची परीक्षा झाली आहे, त्यामुळे इनडेफिनिट, डेफिनिट आणि क्षेत्रफळ ही तिन्ही प्रकरणं तुझ्या हाताखालून गेलेली आहेत. तू पाठवलेले सराव पेपर मी तपासले. तुझी रीत चुकत नाही, पण ती ठरवायला उशीर होतो. अर्धं पान सबस्टिट्यूशन करतोस, मग ते खोडून बाय पार्ट्सला हात घालतोस. बोर्डाच्या पेपरात हे खपून गेलं असेल. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे आहेत, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. म्हणून या दोन आठवड्यांत नवीन काही शिकायचं नाही. प्रश्न बघताक्षणी रीत ओळखायची, एवढंच.

रोज सकाळी ६.३० ते ८ प्रश्न सोडव. रात्री जेवणानंतर अर्धा तास ‘नुसतं ओळखणं’: ३० प्रश्न वाचायचे, सोडवायचे नाहीत, प्रत्येकापुढे पेन्सिलने फक्त रीत लिहायची. मग उत्तरं काढून ताडून बघ. हा अर्धा तास कंटाळवाणा वाटेल, तरी तोच चुकवू नकोस. दिवसाचा बाकी वेळ फिजिक्स-केमिस्ट्रीचा. त्यात इंटिग्रेशन घुसवू नकोस.

दिवस १ (सोमवार): सूत्रं
कोऱ्या कागदावर सगळी सूत्रं न बघता लिही. जी अडली तीच एका कार्डावर उतरव. सगळी पुन्हा सुंदर अक्षरात लिहून काढण्यात सकाळ घालवू नकोस, ती तुझी जुनी सवय आहे. 1/(x²+a²), 1/(x²−a²), 1/√(x²+a²) या कुटुंबात तुझा गोंधळ होतो, विशेषतः पुढचा 1/a आणि 1/(2a).

दिवस २ आणि ३: सबस्टिट्यूशन
इथे दोन दिवस दिलेत, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. प्रत्येक प्रश्नाला आधी एकच विचारायचं: आत कुठे एखादं फंक्शन आणि बाहेर त्याचंच डेरिव्हेटिव्ह आहे का? नसेल तर ते तयार करता येतं का? हे बघ:

∫ dx / [x(x⁷+1)]

पार्शल फ्रॅक्शनचा मोह होईल, पण सात घात फोडत बसलास तर गेलास. वर-खाली x⁶ ने गुण, x⁷ = t घे. उत्तर (1/7) log |x⁷/(x⁷+1)| + c, तीन ओळींत.

तिसऱ्या दिवशी त्रिकोणमितीचे साचे. छेदात a + b cos x असेल तर tan(x/2) = t; ∫ dx/(5+4cos x) चं उत्तर (2/3) tan⁻¹[(1/3) tan(x/2)] + c येतं का बघ. वर आणि खाली दोन्हीकडे sin x, cos x असतील तर वरचा भाग = A(छेद) + B(छेदाचं डेरिव्हेटिव्ह). √[(a−x)/(a+x)] दिसलं की वर-खाली √(a−x) ने गुण. θ घेऊनही सुटतं, पण वेळ लागतो.

दिवस ४: बाय पार्ट्स
LIATE तुला पाठ आहे. अडतोस तो ∫ eˣ[f(x)+f′(x)] dx = eˣ f(x) + c या प्रकारात, कारण तो वेष बदलून येतो. eˣ(1+sin x)/(1+cos x) बघ. अर्ध्या कोनात मांडलं की tan(x/2) आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह समोर येतं. उत्तर eˣ tan(x/2) + c. eˣ दिसला की बाय पार्ट्स सुरू करायच्या आधी हा प्रकार तपास. असे २० प्रश्न फक्त याच प्रकारचे कर.

दिवस ५: पार्शल फ्रॅक्शन
आधी घात बघ. वरचा घात खालच्याएवढा किंवा मोठा असेल तर भागाकार. x²/[(x²+1)(x²+4)] मध्ये x² = m फक्त फोडण्यापुरतं घ्यायचं, इंटिग्रेट x मध्येच करायचं. उत्तर −(1/3) tan⁻¹x + (2/3) tan⁻¹(x/2) + c.

दिवस ६: सगळं मिसळून
४० प्रश्न, क्रम विस्कटलेला, प्रकरणाचं नाव झाकलेलं. पर्यायांकडेही लक्ष दे. ∫ sin x cos x dx चं उत्तर (sin²x)/2 आलं आणि पर्यायात −(cos 2x)/4 असेल तर तू बरोबरच आहेस, फरक c मध्ये गेला. अगदी अडलंस तर पर्यायाचं डेरिव्हेटिव्ह घे, पण हा शेवटचा उपाय. चारही पर्याय तपासायला वेळ पुरणार नाही.

दिवस ७ (रविवार)
सकाळी चुकांची वही वाच. दुपारनंतर सुट्टी, खरोखरची.

दिवस ८: डेफिनिट, साधे
सबस्टिट्यूशन केलं की मर्यादा तिथल्या तिथे बदल. x कडे परत येण्यात तुझी बरीच मिनिटं जातात.

दिवस ९ आणि १०: प्रॉपर्टीज
मार्क इथे स्वस्तात मिळतात. f(x) च्या जागी f(a+b−x) ठेवून दोन्ही मिळव. ∫ √x / (√x+√(7−x)) dx, मर्यादा 2 ते 5: बेरीज 7, आतही 7, म्हणून उत्तर मर्यादांमधल्या अंतराच्या निम्मं, 3/2. बेरीज जुळत नसेल तर ही युक्ती चालत नाही, आणि परीक्षक नेमकं तेच बदलून ठेवू शकतो. मर्यादा π/6 ते π/3 असलेला 1/(1+√tan x) याच घरातला; उत्तर π/12.

दहाव्या दिवशी उरलेले: −a ते a मध्ये आधी ऑड-ईव्हन तपास, ऑड असेल तर शून्य लिहून पुढे जा. |x| आणि [x] जिथे बदलतात तिथे तुकडे कर. [x] चं 0 ते 2.5 इंटिग्रल 2 येतं, एकदा आकृती काढून पटवून घे. log(1+tan x), 0 ते π/4, याचं (π/8) log 2, आणि log sin x, 0 ते π/2, याचं −(π/2) log 2; ही दोन एकदा सिद्ध कर, मग सरळ पाठ.

दिवस ११: क्षेत्रफळ
आकृतीशिवाय एकही प्रश्न नाही. y² = 4ax आणि लॅटस रेक्टममधलं 8a²/3, y² = 4ax व x² = 4by मधलं 16ab/3, एलिप्सचं πab: एवढी लक्षात असू देत. वक्र अक्षाच्या खाली गेला तर तिथलं क्षेत्रफळ वेगळं काढून धन घे. एक सकाळ पुरे.

दिवस १२
चुकांच्या वहीतले सगळे प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा. जे परत चुकतील त्यांचीच ‘ओळखणं’ यादी रात्री घे.

दिवस १३
पूर्ण गणिताचा सराव पेपर, संगणकावर, ९० मिनिटांचं घड्याळ लावून. इंटिग्रेशनचा प्रश्न १५ सेकंदांत ओळखला नाही तर खूण करून पुढे जा. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटच्या तीन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

दिवस १४
पेपर तपास, पण ‘चुकलं’ एवढं लिहून थांबू नकोस: रीत चुकली, आकडेमोड चुकली की वेळ गेला, असे तीन रकाने कर. डिफरन्शियल इक्वेशन मी मुद्दाम घेतलेलं नाही. त्याची उजळणी पुढच्या आठवड्यात. या तीन रकान्यांचा फोटो रात्री नऊच्या आत मला पाठव, त्यावरून पुढचं ठरवू. आईला सांग, रविवारी मी येतेच आहे.

– मावशी