टर्नर पाहिजे, रबाळे एमआयडीसी (नवी मुंबई), पगार २४,००० ते २८,०००

आमच्या वर्कशॉपला लेथवरचा एक टर्नर हवा आहे. सात माणसांचं वर्कशॉप, तीन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. पंपांचे शाफ्ट, गनमेटलचे बुश, कपलिंग, फ्लँज अशी कामं येतात. बहुतेक ऑर्डर पाच-दहा नगांच्या असतात, म्हणून ड्रॉइंग जवळजवळ रोज नवं हातात पडतं.

ड्रॉइंग वाचून टर्निंग, फेसिंग, बोअरिंग करायचं, आटे पाडायचे, टूल स्वतः ग्राइंड करायचं. माप व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने. शनिवारी शेवटचा अर्धा तास आपलं मशीन आपणच पुसून, बुरादा काढून, तेल देऊन ठेवायचं. त्यासाठी वेगळा हेल्पर नाही. मटेरियलचा टेम्पो आला की सगळेच हात लावतात.

आयटीआय टर्नर आणि लेथवर दोन वर्षांचा अनुभव हवा. आयटीआय नसेल, पण हात बसलेला असेल तरीही या. सीएनसी येत नसलं तरी चालेल, आमच्याकडे ते मशीनच नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही फार जपतो. माप चुकलं तर लगेच सांगायचं. मागे एकदा बुशचं बोअर जरा मोठं झालं होतं, ते कुणी बोललं नाही आणि माल तसाच गेला. पार्टीचा पंप दोन दिवस बंद पडला. बुश पुन्हा बनवता आला असता, ते दोन दिवस नाही. जॉब बिघडला म्हणून आम्ही पगारातून कापत नाही.

पगार अनुभवाप्रमाणे, हातात २४,००० ते २८,०००, दर महिन्याच्या ७ तारखेला बँकेत. वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५:३०, मध्ये अर्धा तास जेवण. रविवारी सुट्टी. ओव्हरटाइम दुप्पट दराने, करायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं. दिवाळीला एक पगार बोनस. माणसं कमी असल्यामुळे पीएफ आणि ईएसआयसी आमच्याकडे नाही, हे आधीच सांगतो. अपघात विमा आम्ही काढतो, हप्ता आम्हीच भरतो. सेफ्टी शूज आणि चष्माही आमच्याकडून.

भेट झाली की दिवस ठरवून अर्ध्या दिवसाची ट्रायल होईल. ईएन एटचा एक तुकडा आणि ड्रॉइंग देऊ, २५ मिमीचा शाफ्ट ०.०२ च्या आत बसवायचा. निवड होवो न होवो, ट्रायलचे ५०० रुपये त्याच दिवशी देऊ. नोकरीसाठी कुणालाही एक रुपया द्यायचा नाही, आमचा एजंट नाही.

ही पोस्ट ज्या नंबरवरून आली त्यावर नाव, अनुभव आणि राहण्याचं ठिकाण व्हॉट्सअ‍ॅप करा, लोकेशन पाठवतो. ट्रान्स-हार्बरने येणाऱ्यांनी रबाळे स्टेशनला उतरावं, तिथून शेअर रिक्षा मिळते. भेट सोमवार ते शनिवार, दुपारी ४ ते ५:३०. येताना आधार कार्ड, आणि असेल तर आयटीआयचं सर्टिफिकेट आणा.