वेळणेश्वरला येण्याच्या मार्गाविषयी पत्र

॥ श्री ॥

वेळणेश्वर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी
रविवार, दि. १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मृणाल हिस अनेक आशीर्वाद,

तुझे पत्र पोचले. जानेवारीत तुम्ही चौघे येत आहात हे वाचून घरात जो आनंद झाला तो लिहून कळवता येण्यासारखा नाही. अण्णा गेल्यानंतर तू प्रथमच गावी येणार आणि मुलांना कुळदैवताचे पहिले दर्शन घडणार, म्हणून तुमचा प्रवास सुखाचा व्हावा असे मनापासून वाटते. तू विचारल्याप्रमाणे मार्ग, अंतर आणि लागणारा वेळ सविस्तर कळवतो.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो. विमानतळावर उतरल्यावर लगेच मोटारीने गावाकडे निघायचा तुमचा बेत आहे, तो कृपा करून बदला. मुंबईच्या विमानतळापासून आपले घर सुमारे ३०० किलोमीटर आहे. तुमच्याकडच्या महामार्गावर हे अंतर तीन तासांचे असेल आणि मार्टिननेही तसाच हिशेब केला असणार. आपल्याकडे मात्र याच अंतराला आठ तास धरावे लागतात, आणि वाटेत वाहतूक अडली तर नऊ-दहाही होतात. पनवेल, पेण, वडखळ, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड आणि चिपळूण असा तो रस्ता आहे. महाडच्या पुढचा रस्ता आता बराच चांगला आहे आणि कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो अवघड घाटही टळतो. परंतु इंदापूर आणि माणगाव येथील बाह्यवळणांची कामे अजून पूर्ण न झाल्याने सगळी वाहने तिथल्या बाजारपेठांतून जातात आणि सुट्टीच्या दिवसांत तिथे तास-तास थांबावे लागते. तुमचे विमान मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास उतरणार. तपासणी आणि सामान यांत दीड तास जाईल. त्यानंतर न झोपलेल्या मुलांना घेऊन अंधारात या रस्त्याला लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी रविवारी ४ जानेवारीच्या पहाटे विमानतळावरून थेट ठाण्याला मावशीकडे जावे. ते अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे असून त्या वेळी रस्ते मोकळे असल्याने पाऊण तासात पोचाल. रविवार आणि सोमवार विश्रांती घ्यावी. साडेचार तासांचा वेळेचा फरक मुलांच्या अंगी मुरायला एवढा अवधी हवाच. मंगळवारी ६ तारखेला सकाळी मांडवी एक्सप्रेसने निघावे. ही गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सुटते आणि आठच्या आत ठाण्याला येते. तुम्ही सव्वासातलाच फलाटावर असावे. ठाणे ते चिपळूण हे रेल्वेचे अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे आणि गाडी वेळेवर असेल तर दुपारी बाराच्या आत चिपळूण येते. क्वचित अर्धा-पाऊण तास उशीर होतो, तो धरून चालावे. ओवीला मोटार लागते असे तू लिहिले आहेस, त्या दृष्टीनेही रेल्वेच बरी. शिवाय रोह्यापासून पुढचे बोगदे, पूल आणि नद्या मुलांना खिडकीतून पाहायला मिळतील. अण्णांना या मार्गाचे फार कौतुक होते. १९९८ साली तो पूर्ण सुरू झाला तेव्हा ते केवळ रेल्वेने यायचे म्हणून पुण्याहून आधी मुंबईला गेले होते, ते तुला आठवत असेल.

तिकिटांची काळजी तू करू नकोस. आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते, म्हणजे ६ जानेवारीचे ७ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता. चिन्मय त्या दिवशी तुमची वातानुकूलित डब्याची चार तिकिटे काढील. त्यासाठी चौघांची नावे आणि वये ऑक्टोबर संपण्यापूर्वी कळव. चिपळूणला गाडी फार वेळ थांबत नाही, म्हणून खेड गेल्यावर सामान दाराजवळ आणून ठेवावे. मोठ्या बॅगा दोनच असाव्यात. बाकीच्या ठाण्याला ठेवता येतील.

चिपळूण स्थानक शहराबाहेर वालोपे येथे आहे. तिथे मी स्वतः संतोषची जीप घेऊन येईन, तेव्हा रिक्षा किंवा एसटी शोधण्याची गरज पडणार नाही. स्थानकापासून आपले घर पन्नास ते पंचावन्न किलोमीटरवर आहे आणि त्याला पावणेदोन तास लागतात. एवढ्या अंतराला एवढा वेळ का, हे मार्टिनला समजावून सांग: रस्ता अरुंद आहे, सतत चढउताराचा आणि वळणांचा आहे, आणि समोरून एसटी आली की एका गाडीला कडेला थांबावे लागते. रामपूर आणि मार्गताम्हाने ही गावे मागे टाकून आपण शृंगारतळीला येतो. मार्गताम्हान्याला पाच-दहा मिनिटे उतरू, म्हणजे ओवीला त्रास होणार नाही. शृंगारतळीची बाजारपेठ मोठी आहे. पैसे काढायचे असतील किंवा मुलांचे औषध घ्यायचे असेल तर ते तिथेच उरकावे. तिथून गुहागरचा सरळ रस्ता सोडून आपण डावीकडे वळतो. शेवटी जांभ्याचा सडा संपतो आणि रस्ता एकदम खाली उतरू लागतो. त्या उतारावर माडांच्या शेंड्यांवरून प्रथम समुद्र दिसतो. लहानपणी तू तिथे गाडी थांबवायला लावायचीस. या वेळीही थांबू.

म्हणजे ठाण्याहून आठला निघालात तर वाटेतला खोळंबा धरूनही दुपारी अडीचपर्यंत घरी पोचाल. काकू जेवणासाठी वाट पाहील, तरी मुलांसाठी थोडे खाणे जवळ असू द्यावे. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यापूर्वी देवळात जाऊन येता येईल.

परतीच्या वाटेवर तुम्हाला पुण्याला जायचे आहे, तेव्हा मुंबईकडे फिरू नये. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण आणि उंब्रजमार्गे साताऱ्याच्या महामार्गाला लागावे. घरापासून पुणे या वाटेने सुमारे २८० किलोमीटर असून जेवणाचा वेळ धरून आठ तास लागतात. घाट दिवसाउजेडी पार व्हावा म्हणून सकाळी सातला निघावे. संतोष पुण्यापर्यंत सोडायला तयार आहे. ओवीला घाटापूर्वी गोळी द्यावी लागेल, तेवढी तुमच्या डॉक्टरांना विचारून आण.

गावात मोबाईलला सगळीकडे रेंज मिळत नाही. ठाण्याहून गाडीत बसल्यावर आणि खेड गेल्यावर असे दोन निरोप चिन्मयच्या नंबरवर पाठव. तो आमच्याबरोबर चिपळूणलाच असेल. हे पत्र पोस्टाने पोचायला वेळ लागेल, म्हणून त्याची प्रत तो आजच मेलने पाठवत आहे. बेत पटला की लगेच कळव.

मार्टिनला नमस्कार सांग. ओवी आणि नील यांना गोड पापा. काकूने तुला आशीर्वाद सांगितले आहेत.

कळावे,

तुझा
दादाकाका